ओटीपी बरोबर, शिल्लक आहे, एक्स्चेंज कार्ड घेतं. मग बँक का अडवते?

तारकर्ली_होमस्टे

नमस्कार मंडळी. तारकर्लीत आमचा छोटा होमस्टे आहे. सीझनच्या पैशातून थोडं बिटकॉइन घेऊन ठेवावं असं ठरवलं. घ्यावं की नाही यावर मत मागत नाहीये, तो वाद घरी झालेला आहे.

एका मोठ्या परदेशी एक्स्चेंजवर खातं उघडलं. पॅन, पासपोर्ट, सेल्फी सगळं दिलं, पडताळणी पूर्ण झाली. तिथे Buy with card असं बटण आहे आणि खाली व्हिसा, मास्टरकार्डची चिन्हं. माझं व्हिसाचं डेबिट कार्ड आहे. १५,००० रुपये टाकले, कार्डाचा नंबर दिला, बँकेचंच पान उघडलं, ओटीपी आला, टाकला, तो बरोबर म्हणून पुढेही गेलं. आणि मग लाल अक्षरात Declined by your bank.

एक्स्चेंजवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक, बँकेला विचारा. बँकेचं कस्टमर केअर म्हणतं कार्ड चालू आहे, मर्चंटला विचारा. शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, "ते बिटकॉइन वगैरे आपल्याकडे नको." पण का नको ते त्यांनाही सांगता येईना.

ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले आहेत, मर्यादाही वाढवून ठेवली आहे. माझा प्रश्न एवढाच की ओटीपी बँकेनेच पाठवला, बँकेनेच तपासला. मग नंतर नाही का म्हणाली?

देवगड_हापूस

सोपं आहे भाऊ. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच क्रिप्टोवर बंदी घातली आहे. कुठलीच बँक देणार नाही. एक्स्चेंज परदेशी असल्यामुळे त्यांना आपला कायदा लागू नाही, म्हणून ते बटण दाखवतात. विषय संपला.

मुरुडची_माई

माझंही कार्ड गेल्या महिन्यात गणपतीपुळ्याला हॉटेलात चाललं नाही. ते मशीनच जुनं होतं. दुसऱ्या मशीनवर लगेच चाललं. तुम्ही एकदा दुसऱ्या मोबाइलवरून करून बघा बाळा.

अलिबागचा_सीए

हापूस, तुमची माहिती अर्धीच आहे. ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक होतं हे खरं. त्यात बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देऊ नका असं सांगितलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं. त्यानंतरही काही बँका ग्राहकांना त्याच परिपत्रकाचा हवाला देत पत्रं पाठवत होत्या, म्हणून रिझर्व्ह बँकेला ३१ मे २०२१ ला पुन्हा लिहून सांगावं लागलं की ते परिपत्रक आता वैध नाही, त्याचा हवाला देऊ नका.

मात्र त्याच पत्रात पुढे असंही आहे की ग्राहकाची ओळख, मनी लाँडरिंगविरोधी नियम आणि परदेशी पैसे पाठवताना फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं पालन, या सगळ्या तपासण्या बँकांनी चालू ठेवाव्यात. म्हणजे बंदी नाही, पण बँकेने हे व्यवहार केलेच पाहिजेत असंही कुठे म्हटलेलं नाही. बँका त्या मधल्या जागेत उभ्या आहेत.

आणि बंदीच असती तर सरकारने नफ्यावर ३० टक्के कर लावला नसता.

जान्हवी_जयगड

मी मुंबईत एका बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं होते, अधिकृतता म्हणजे ऑथोरायझेशनच्या कामावर. आता गावी असते. मूळ प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओटीपीचं पान आणि पैशाला हो-नाही म्हणणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटीपीचं पान ज्या सर्व्हरवरून येतं त्याचं काम फक्त एक, की समोर कार्डाचा खरा मालक बसला आहे का ते बघणं. बऱ्याच बँका ते काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतात. तुम्ही आकडे बरोबर टाकले, तो म्हणाला हो, माणूस खरा आहे. त्याचं काम तिथे संपलं. खात्यात पैसे किती आहेत, दुकान कसलं आहे, यातलं काही तो बघत नाही.

मग खरा संदेश निघतो. एक्स्चेंजच्या मागे एक पेमेंट प्रोसेसर असतो, त्याच्या मागे परदेशातली एक बँक, जी त्या दुकानाच्या वतीने पैसे गोळा करते. तिच्याकडून संदेश व्हिसाच्या जाळ्यात आणि तिथून तुमच्या बँकेच्या स्विचवर, म्हणजे त्या हो-नाही म्हणणाऱ्या यंत्रणेवर. या संदेशात रक्कम, चलन, दुकान कुठल्या देशातलं, आणि दुकान कुठल्या प्रकारचं याचा चार आकडी कोड असतो. क्रिप्टो विकणाऱ्यांसाठी तो साधारणपणे ६०५१ असतो. याच कोडमध्ये परकीय चलन, मनीऑर्डर असली रोख रकमेसारखी वागणारी खरेदी येते.

स्विचवर नियमांचा तक्ता असतो. त्यात अमुक कोड, ऑनलाइन, परदेशी दुकान, असं जुळलं की नकार. तुमच्या शिलकीपर्यंत गोष्ट जातही नाही. म्हणून तुमचा ओटीपी चालला आणि व्यवहार पडला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर वागले.

एक्स्चेंजचं म्हणणंही खोटं नाही. "आम्ही कार्ड घेतो" याचा अर्थ त्यांच्या बाजूच्या बँकेने त्यांना कार्ड घेण्याची सोय दिली आहे. तुमची बँक काय म्हणेल ते त्यांना आधी कळत नाही, संदेश पाठवल्यावरच कळतं. भारतातली काही कार्डं चालतात, काही नाही, म्हणून बटण सगळ्यांना दिसतं.

तारकर्ली_होमस्टे

जान्हवीताई, हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं. पण माझ्या बाबतीत हेच झालं हे कसं कळणार? आंतरराष्ट्रीय व्यवहाराचीच काही भानगड असली तर?

जान्हवी_जयगड

तपासायला एक सोपी युक्ती आहे. त्याच कार्डाने दुसऱ्या एखाद्या परदेशी ठिकाणी किरकोळ रकमेचं काहीतरी घ्या, जे तुम्हाला खरंच लागतं असं. ते गेलं तर आंतरराष्ट्रीय चालू आहे, कार्ड धड आहे, आणि अडथळा दुकानाच्या प्रकारावर आहे. तेही पडलं तर अडथळा कार्डावरच आहे. ॲपमध्ये ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय ही दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही चालू लागतात, आणि परदेशी ऑनलाइनची मर्यादा कधी कधी तिसरीकडेच लपलेली असते.

दुसरी खूण ओटीपीची. आंतरराष्ट्रीय बंद असेल तर बऱ्याचदा गोष्ट ओटीपीपर्यंत पोचतच नाही. ओटीपी येऊन, तो मान्य होऊन मग नकार आला तर संशय प्रकाराच्या कोडावर किंवा फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेवर. परदेशी दुकानात ओटीपी येतोच असं मात्र नाही, त्यामुळे या एकाच खुणेवर विसंबू नका.

तिसरी गोष्ट, कस्टमर केअरला "कार्ड का चाललं नाही" असं विचारू नका. ते कार्ड चालू आहे का एवढंच बघतात. तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे द्या, आणि "या व्यवहाराचा नकाराचा कोड काय" असं विचारा. ५१ म्हणजे पैसे कमी. ५७ म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करण्याची परवानगी नाही. ५९ म्हणजे फसवणुकीचा संशय. आणि ०५ म्हणजे नुसतं नाही, कारण सांगणार नाही. दुर्दैवाने बँका हा ०५ फार वापरतात.

आणि कृपा करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. थोड्या वेळात एकाच दुकानात लागोपाठ नकार आले की यंत्रणेला वाटतं कार्ड चोराच्या हातात आहे. मग आख्खं कार्डच बंद होतं आणि पेट्रोल भरतानाही अडतं.

कणकवलीकर

होमस्टेवाल्यांनू, ह्या कार्डाच्या भानगडीत पडा नको, पण त्या पीटूपीतय जाव नको. माझी गजाल सांगतंय. मी थोडे यूएसडीटी नावाचे कॉइन पीटूपीत, म्हणजे थेट एका अनोळखी माणसाक, विकलंय. पैसे माझ्या खात्यात ईले, मी कॉइन सोडलंय. मगे एक दिवस एटीएमात गेलंय तर खाता बंद. बँक सांगता, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा पत्र ईला हा. ज्या माणसान माका पैसे पाठवले, त्येना ते कोणाक तरी फसवून घेतलेले. माझो काय दोष? खाता अजून बंदच आसा.

अलिबागचा_सीए

कणकवलीकर, तुमचा प्रकार वेगळा आहे, पण इथे कामाचा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती सगळी साखळी गोठवली जाते. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या कडीवर असाल. शाखेतून त्या तक्रारीचा पोचक्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याने कळवलं ते लेखी घ्या. फक्त वादातली रक्कम रोखा, बाकी खातं चालू करा, अशी मागणी करता येते. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, समोरच्याशी झालेलं बोलणं, सगळं जपून ठेवा.

कणकवलीकर

क्रमांक हा. ठाणा लांब हा. वकील सांगता थंयसर जावक लागतला. बघूया.

देवगड_हापूस

बरं, २०१८ चं सोडा. पण जान्हवीताई, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं असेल तर बँक अडवते हा न्यायालयाचा अवमानच झाला की. पैसे माझे, कार्ड माझं. उद्या म्हणतील मासळी घेऊ नका, डॉक्टरांनी नको सांगितलंय.

अलिबागचा_सीए

न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा आदेश रद्द केला. तुमच्या बँकेने स्वतःहून ठरवलेलं धोरण हा वेगळा विषय. आपल्या कार्डावर कुठल्या प्रकारचे व्यवहार चालतील हे ठरवायचा अधिकार बँका कराराच्या अटींमध्ये राखून ठेवतात. तुम्ही कार्ड घेताना त्यावर सही केलेली असते.

जान्हवी_जयगड

"का" हा भाग राहिला होता. माझ्या अनुभवात कारणं दोन, आणि त्यातलं पहिलं बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

पहिलं कारण म्हणजे तोटा कुणाच्या माथी. समजा एखाद्या आजोबांना कुणीतरी फोनवर भुलवून ओटीपी काढून घेतला आणि त्यांच्या कार्डावर कॉइन घेतलं. कॉइन क्षणात दुसऱ्या वॉलेटमध्ये गेलं, ते परत येत नाही. टीव्ही असता तर दुकानाला डिलिव्हरी थांबवता आली असती. आता आजोबा बँकेत येतात, हे मी केलं नाही म्हणतात. एरवी बँक चार्जबॅक टाकून दुकानाकडून पैसे परत मागते. पण ओटीपीने पडताळणी झालेली असेल तर कार्ड कंपन्यांच्या नियमानुसार "मी केलं नाही" या कारणावर दुकानाकडे सहसा परत जाता येत नाही. जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवर सरकते. म्हणजे ओटीपी जितका पक्का, तितका बँकेचा परतीचा रस्ता बंद.

म्हणून तुमचा प्रश्न, "ओटीपी बरोबर असताना का", याचं उत्तर उलटं आहे. तो बरोबर असतो म्हणूनच बँक या एका प्रकारच्या दुकानाला घाबरते. शंभर ग्राहक तुमच्यासारखे सरळ असतील, पण एक प्रकरण वाईट गेलं की त्या शंभरांतून मिळालेलं कमिशन धुऊन जातं. त्यापेक्षा ६०५१ ची ओळच बंद केलेली सोपी.

दुसरं कारण फेमाचं, ते सीए साहेब माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

अलिबागचा_सीए

सांगतो. भारतातल्या खात्याच्या डेबिट कार्डाने तुम्ही परदेशी दुकानात पैसे दिले की ते देशाबाहेर पैसे पाठवणंच झालं. निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतं, पण ते कशासाठी याची वर्गवारी बँकेला ठेवावी लागते. शिक्षण, प्रवास, भेट, परदेशी शेअर, याला खाने आहेत. परदेशातून क्रिप्टो घेणं कुठल्या खान्यात टाकायचं याचं स्पष्ट उत्तर नियमांत नाही. लॉटरीसारख्या काही गोष्टी नाव घेऊन मना केल्या आहेत, तसं क्रिप्टोचं नाव घेतलेलं नाही. पण नाव घेऊन परवानगीही नाही. म्हणून शाखेतून परदेशी पैसे पाठवायला गेलात तर बऱ्याच बँका "ही रक्कम आभासी चलनासाठी नाही" असं लिहून घेतात. शाखेत हे लिहून घेणारी बँक कार्डावर तेच कसं जाऊ देईल?

खलाशी_दादा

मी बोटीवर असतो, सध्या दाभोळला घरी आहे. माझ्या दुबईच्या बँकेच्या कार्डाने त्याच प्रकारच्या एक्स्चेंजवर सहज गेलं. ओटीपी आला, टाकला, कॉइन आलं. त्यामुळे ताईंचं म्हणणं पटतं, एक्स्चेंजमध्ये खोट नाही. पण माझ्याच इथल्या एनआरई खात्याच्या, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी खात्याच्या, डेबिट कार्डाने गेलं नाही. एनआरईतला पैसा तर परदेशात मोकळेपणाने नेता येतो ना? मग त्यावर फेमाचं कारण कसं लागेल?

जान्हवी_जयगड

खलाशी दादा, स्विचवरचा तक्ता खात्याचा प्रकार बघतोच असं नाही. बऱ्याचदा नियम कार्डाच्या पहिल्या आकड्यांवर लावलेले असतात आणि त्या मालिकेत सगळी कार्डं सरसकट येतात. शिवाय तोट्याचं पहिलं कारण एनआरईलाही तसंच लागू. पण फेमाच्या बाजूने तुमचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही.

वेंगुर्ल्याचा_काजू

माझं याच्या उलट झालं होतं. क्रेडिट कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण कॉइन आलंच नाही. एक्स्चेंज म्हणे पेमेंट फेल. पैसे बऱ्याच दिवसांनी परत दिसले.

देवगड_हापूस

याचं मला पक्कं माहीत आहे. पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत तर बँकेने रोज शंभर रुपये द्यायचे. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे. मागा तुम्ही.

जान्हवी_जयगड

हापूस, परिपत्रक आहे आणि आकडेही तुम्ही बरोबर सांगितलेत. फक्त ते देशातल्या देशात झालेल्या व्यवहारांना आहे, पैसे देणारा आणि घेणारा दोन्ही भारतात असतील तर. परदेशी प्रोसेसरच्या व्यवहाराला ते शंभर रुपये लागू होत नाहीत.

काजूंच्या बाबतीत बँकेने हो म्हटलं आणि नंतर प्रोसेसरने स्वतःच्या तपासणीत नाही म्हटलं असं दिसतं. नाव जुळत नाही, कार्ड एका देशातलं आणि इंटरनेटचा पत्ता दुसऱ्या देशातला, असं काहीतरी. बँकेने रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते, खर्ची पडलेली नसते. प्रोसेसरने सोडल्याचा निरोप पाठवला की सुटते. नाही पाठवला तर मुदत संपेपर्यंत अडकून राहते. तेव्हा बँकेशी भांडण्यापेक्षा प्रोसेसरकडून रक्कम सोडल्याचा पुरावा मागवून तो बँकेला दिलेला बरा.

आणि काजू, क्रेडिट कार्डावर गेलं असतं तरी खूश होऊ नका. या कोडचा व्यवहार पुष्कळ बँका रोख रक्कम काढल्यासारखा धरतात. रोख काढण्याचं शुल्क वेगळं, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बिलाची तारीख येईपर्यंतची सवलत नाही. उधारीच्या पैशावर वरखाली होणारी वस्तू लोकांनी घ्यावी हे बँकांनाच नको असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या काही मोठ्या बँकांनी क्रेडिट कार्डावर क्रिप्टो बंद केलं तेही याच भीतीने. तिथे तर आपला फेमा नाही.

वेंगुर्ल्याचा_काजू

अच्छा, म्हणजे फेल झालं ते बरंच झालं म्हणायचं. पण मला नंतर एका दुसऱ्या साइटवर त्याच कार्डाने लगेच घेता आलं. स्टेटमेंटमध्ये भलत्याच कुठल्या तरी ऑनलाइन गेमच्या दुकानाचं नाव आलं होतं, पण कॉइन मिळालं. मग बँकेने हे कसं जाऊ दिलं?

जान्हवी_जयगड

कारण बँकेला ते गेमचं दुकान दिसलं. साइटने आपला धंदा दुसऱ्याच कोडखाली लपवलेला आहे. हे कार्ड कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, आणि पकडलं गेलं की त्या दुकानाचं खातं एका दिवसात बंद होतं. तेव्हा तुमचं कॉइन तुमच्या वॉलेटमध्ये नसून त्यांच्याकडेच असेल तर कठीण. उद्या वाद झाला तर कागदावर तुम्ही गेमची नाणी घेतली आहेत, बिटकॉइन नाही. मी तुमच्या जागी असते तर तिथून सगळं बाहेर काढलं असतं.

मुरुडची_माई

म्हणजे मशीनचा प्रश्न नव्हता तर. बरं, एक विचारते. माझा भाचा यूपीआयने घेतो म्हणे. मग कार्डाचा एवढा खटाटोप कशाला?

अलिबागचा_सीए

माई, यूपीआयचंही असंच झालं होतं. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने भारतात यूपीआयचं बटण दाखवलं. त्याच सुमारास यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने निवेदन काढलं की यूपीआय वापरणारं कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज आमच्या माहितीत नाही. थोड्याच दिवसांत ते बटण गेलं. म्हणजे दुकानाने बटण लावणं आणि मागची यंत्रणा तयार असणं यातलं अंतर तिथेही तेच.

भाचा बहुधा भारतातल्या एक्स्चेंजवर पैसे भरत असेल. मार्च २०२३ पासून अशा एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, त्यांना एफआययू या सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते. परदेशी असूनही इथे सेवा देणाऱ्यांनाही. नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या होत्या. होमस्टेवाले, तुमचं एक्स्चेंज नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. नसेल तर कार्ड चाललं नाही ही तुमची सगळ्यात छोटी अडचण आहे.

तारकर्ली_होमस्टे

परत आलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. बोटीवाल्यांना वाऱ्याचा अंदाज बघायला एक परदेशी ॲप लागतं, त्याची वर्गणी त्याच कार्डाने भरली, क्षणात गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय चालू आहे.

मग कस्टमर केअरला वेळ-रकमेसह नकाराचा कोड विचारला. पहिल्या मुलाला कळलंच नाही, त्याने वरच्यांकडे दिलं. त्या बाईंनी ५७ सांगितला. लेखी मागितलं तेव्हा ईमेल आली, "बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार या मर्चंट प्रकारातील व्यवहारांना परवानगी नाही." २०१८ च्या परिपत्रकाचा उल्लेख नाही.

एक्स्चेंजच्या नोंदणीचं बघतोय. आता भारतातल्या नोंदणीकृत ठिकाणी खात्यातून थेट भरावे असं डोक्यात आहे. त्यात काय अडेल?

जान्हवी_जयगड

छान केलंत. ५७ हा स्वच्छ कोड आहे, त्यात संशयाला जागा नाही.

खात्यातून एनईएफटी किंवा आयएमपीएसने भरताना दुकानाचा कोड नसतो, म्हणून ६०५१ चा अडथळा तिथे नाही. पण बँक खात्याच्या नावावरून ओळखू शकते, काही बँका विचारणा करतात. पैसे फक्त स्वतःच्याच खात्यातून पाठवा. भावाच्या किंवा होमस्टेच्या चालू खात्यातून पाठवलेत तर एक्स्चेंजच परत पाठवेल.

आणि कार्डाने गेलं असतं तर किती पडलं असतं तेही बघा. १५,००० वर परकीय चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के धरला तर ५२५, त्यावर १८ टक्के जीएसटी साडेचौऱ्याण्णव, आणि प्रोसेसरने साडेचार टक्के घेतले तर ६७५. म्हणजे घेताक्षणी जवळजवळ तेराशे रुपये गेले. मार्कअप कार्डागणिक बदलतो, तुमचा तपासून घ्या.

अलिबागचा_सीए

त्यात भर, विकताना १ टक्का टीडीएस कापला जाईल, तो विवरणात दाखवून वळता करून घ्या. नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. होमस्टेच्या उत्पन्नातूनही नाही.

देवगड_हापूस

पण मला एक सांगा, बँकेने धोरण म्हणून अडवलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं की नाही? धोरण आहे म्हटलं की सगळं माफ का?

अलिबागचा_सीए

आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग लोकपाल. पण बँकेचा व्यावसायिक निर्णय हा विषय लोकपाल योजनेच्या बाहेर ठेवलेला आहे. बँकेने कार्ड देताना हे सांगितलं नव्हतं, किंवा चुकीचं कारण दिलं, अशा बाजूने मांडलं तर कदाचित ऐकतील. होमस्टेवाल्यांना कस्टमर केअरने आधी "मर्चंटला विचारा" सांगितलं, ते धरता येईल.

जान्हवी_जयगड

मला नाही वाटत काही निघेल. पण बँकांनी बंद असलेल्या प्रकारांची यादी ॲपमध्ये लावायला हवी हे मी नोकरीत असतानाही म्हणायचे. तेव्हा उत्तर मिळायचं की यादी लावली तर चोर त्यातून वाट काढतील. काजूंची गेमवाली साइट बघता चोरांना यादी लागत नाही.

खलाशी_दादा

माझ्या एनआरईचं कुणी बघेल का? बँकेला मेल केली आहे, नकाराचा कोड मागितलाय. ०५ आला तर पुढे काय विचारायचं?

जान्हवी_जयगड

०५ आला तर "नकार स्विचच्या नियमाने दिला की फसवणूक यंत्रणेने" एवढं विचारा. शाखेला माहीत नसेल, कार्ड विभागाकडे पाठवायला सांगा. दुसऱ्या बँकेचं एनआरई कार्ड असेल तर त्याचंही काय होतं ते इथे लिहा.

खलाशी_दादा

दुसरं आहे, पण ते रुपे. त्या एक्स्चेंजच्या पानावर नंबरच घेत नाही, ओटीपीपर्यंत जायची वेळच येत नाही.